लाईट आहे का?

"ताई, स्टॉलवर लाईट आहे, त्याची काळजीच करू नका."

तीन वर्षांपूर्वी एका कृषी प्रदर्शनाचा स्टॉल बुक करताना आयोजकांच्या माणसानं मला फोनवर हे सांगितलं आणि मी निश्चिंत झाले. आपल्याकडे लाईट म्हणजे वीज. लाईट गेली, लाईट आली, लाईटचं बिल आलं, हे सगळं आपण विजेबद्दलच बोलतो. पण लाईट म्हणजे दिवासुद्धा. मी विचारलं होतं विजेबद्दल, त्यानं उत्तर दिलं दिव्याबद्दल. तो खोटं बोलला नव्हता. स्टॉलवर खरोखरच एक दिवा होता, आणि त्याच्या खाली एक पाच अँपिअरचा प्लग.

आमचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे. चोपड्याच्या बाजूला, सातपुडा दिसतो अशा गावात शेंगदाणा, तीळ आणि करडईचं तेल आम्ही काढतो. बाटल्या मांडून तेल विकणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक थांबतं ते घाणा फिरताना दिसला की. दाणे उखळीत पडतात, त्यातली लाट म्हणजे लाकडी मुसळ फिरायला लागतं, पंधरा-वीस मिनिटांत कडेनं तेल सुटायला लागतं आणि वास सगळ्या रांगेत जातो. म्हणून प्रदर्शनाला आम्ही छोटा घाणा सोबत नेतो. त्याला २ एचपीची सिंगल फेज मोटर आहे. एका वेळी आठ किलो दाणे बसतात.

त्या वर्षी पहिल्या दिवशी सकाळी मोटर सुरू केली आणि लगेच एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मंडपवाल्यांचा एक पोरगा आला, त्यानं मागच्या बोर्डातून वायर थेट जोडून दिली आणि म्हणाला, "आता नाही पडणार." नाहीच पडली. पडायला मध्ये काही उरलंच नव्हतं. ते मी चालवून घेतलं, कारण समोर माणसं उभी होती. आज मी ते चालवून घेणार नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐन गर्दीत लाईट गेली. घाण्यात आठ किलो दाणे अर्धवट मळलेले होते. जनरेटर सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागली, तेवढ्यात पेंड उखळीच्या कडेला घट्ट बसली. लाईट आल्यावर मोटर नुसती घूं घूं करत राहिली, लाट हलेना. भावानं पट्ट्याला हात देऊन फिरवायचा प्रयत्न केला, मी स्विच बंद करायला धावले, पण तोवर मोटरीतून जळका वास आला आणि मग धूर. चौथा दिवस रविवार होता, सगळ्यात मोठ्या धंद्याचा. तो आम्ही बंद घाण्यापुढे बाटल्या मांडून काढला. घरी आल्यावर मोटर भरून घ्यावी लागली.

ती मोटर भरून देणारे आमच्या गावचे वायरमन नाना. त्यांनी जळकी तार हातात घेऊन मला जे समजावलं, त्यानंतर स्टॉल बुक करण्याची माझी सगळी पद्धत बदलली.

नाना म्हणाले, २ एचपी म्हणजे मोटरीनं बाहेर दिलेलं काम, साधारण दीड हजार वॅट. ते द्यायला मोटर आत घेते दोन हजारांच्या आसपास, म्हणजे चालू असताना अकरा अँपिअर. पाच अँपिअरचा प्लग, त्यावर सहाची एमसीबी, तिथे ही मोटर बसणारच नाही. पण खरी गोष्ट पुढे आहे. मोटर उभ्यानं सुरू होताना पहिला क्षणभर पाच-सहापट करंट ओढते. अकराचे पंचावन्न-साठ होतात. तेवढा करंट वायरीतून जाताना वायरीतच व्होल्टेज पडतं. वायर जितकी लांब आणि जितकी बारीक, तितकं जास्त.

आमचा स्टॉल मुख्य पॅनेलपासून साठ मीटरवर होता आणि मंडपवाल्यांनी ओढलेली वायर होती दीड एमएमची. दिव्यांना ती पुरते. नानांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: जाऊन-येऊन एकशेवीस मीटर वायर, तिचा रोध सुमारे दीड ओहम. चालू मोटरला त्यात सोळा-सतरा व्होल्ट जाणार. संध्याकाळी पॅनेलवरच २१५ असतील तर मोटरीपाशी २०० सुद्धा नाहीत. आणि सुरू होण्याच्या क्षणी १७०-१७५. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो. २३० वर जो जोर मिळाला असता, त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त तिच्या हातात होता. रिकामा घाणा त्या जोरावर फिरतो, म्हणून दोन दिवस चाललं. पेंड बसलेला घाणा फिरत नाही. न फिरणारी मोटर करंट मात्र ओढत राहते, आणि मध्ये एमसीबी नसेल तर जळेपर्यंत ओढते.

"मोटर वाईट नव्हती बेटा," ते म्हणाले. "तिले भूक होती, आन् ताटच छोटं होतं."

आता गोष्ट मागच्या हिवाळ्याची. जळगावला पाच दिवसांचं एक प्रदर्शन होतं, आयोजक वेगळे. माहितीपत्रकात लिहिलं होतं: तीन मीटर बाय तीन मीटरचा स्टॉल, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन स्पॉट लाईट, एक प्लग पॉइंट. मी फोन केला आणि या वेळी 'लाईट आहे का' हे वाक्य तोंडातून काढलं नाही.

"भाऊ, माझी २ एचपीची सिंगल फेज मोटर आहे. चालू असताना अकरा अँपिअर घेते. मला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागेल, त्याची वायर थेट पॅनेलपासून, दुसऱ्या कुणाचा स्टॉल त्यावर नको. असा पॉइंट तुम्ही देता का?"

समोर क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "ताई, थांबा, मी आमच्या इलेक्ट्रिकवाल्याला विचारून सांगतो."

मला फार बरं वाटलं. 'हो हो, सगळं होईल' म्हणणाऱ्यापेक्षा 'विचारून सांगतो' म्हणणारा आयोजक मला आता जवळचा वाटतो. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. पॉइंट मिळेल, त्याचे वेगळे तीन हजार. वायर चार एमएमची टाकू. पण एक अट आहे, तुम्ही निवडलेला स्टॉल बदलावा लागेल.

इथे जागेचा प्रश्न आला.

जागेचं वेड मला वडिलांकडून आलंय. ते सारंगखेड्याच्या यात्रेत गोडीशेवचं दुकान लावायचे. दत्तजयंतीच्या आधी जाऊन तापीकाठी खुंट्या ठोकून दोर बांधून यायचे, ग्रामपंचायतीची पावती फाडायचे आणि मग जेवायचे. "जागा भेटनी म्हंजे निम्मा धंदा व्हई गया," हे त्यांचं कायमचं बोलणं. घोडे बघायला येणारी माणसं कुठून वळतात, थंडीत उन्हाला कुठे उभी राहतात, परतीच्या वाटेवर पोरं कुठे हट्ट धरतात, हे त्यांना पाठ होतं. विजेचा प्रश्नच नव्हता. गॅसबत्ती आपली, रॉकेल आपलं. ती दुकानात टांगली की दिवेलागण झाली.

त्यामुळे मी नकाशा आल्याबरोबर प्रवेशाजवळचा कोपऱ्याचा स्टॉल धरला होता. कोपऱ्याला दोन बाजू उघड्या मिळतात, घाणा दोन्हीकडून दिसतो. त्याला दहा टक्के जास्त होते. आयोजक म्हणाले तो स्टॉल पॅनेलपासून नव्वद मीटरवर आहे, तिथपर्यंत चार एमएमची वायर ओढणं त्यांना परवडत नाही. पॅनेलजवळ, पंचवीस मीटरवर, दुसरा कोपरा आहे, पण तो तिसऱ्या रांगेत.

मी दुसऱ्या दिवशी मैदानावरच गेले. मंडपाचे बांबूसुद्धा आले नव्हते, चुन्याच्या रेघा तेवढ्या मारलेल्या. नकाशा हातात धरून त्या रेघांवरून माणूस चालतो तशी चालून पाहिलं. प्रवेशातून आत शिरणारा माणूस पहिल्या चार-पाच स्टॉलकडे नीट पाहतच नाही. तो अजून सोबतच्यांना शोधत असतो, पिशवी सावरत असतो, कुठून सुरुवात करायची ते ठरवत असतो. त्याचे पाय सावकाश होतात ते थोडं आत गेल्यावर. आणि माझा पहिला कोपरा पश्चिमेला उघडा होता. आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा तीन ते पाचचं ऊन खातं, तेलाच्या बाटल्या दोन-दोन तास त्यात ठेवणं मला मान्य नाही. तिसऱ्या रांगेतला कोपरा उत्तरेला आणि पूर्वेला उघडा होता. समोर ठिबकवाल्यांचा मोठा स्टॉल येणार होता, म्हणजे शेतकरी तिथे येणारच. एकच खोट होती, जनरेटर मागेच उभा राहणार होता.

"किती मागे?" मी सोबत असलेल्या आयोजकांना विचारलं.

ते चालत गेले, उभे राहिले. मी पावलं मोजली, बावीस. मंडपाचा पत्रा मध्ये येणार होता आणि धुराचं तोंड पलीकडे होतं. आवाज येईल, पण बोलता येईल. स्टेजच्या कर्ण्यापेक्षा तो बरा. कर्ण्यासमोर स्टॉल घेतला तर दिवसभर खाणाखुणांनी भाव सांगावा लागतो. मी तो कोपरा घेतला.

जनरेटरचं मात्र तिथेच पक्कं केलं. मी विचारलं, लाईट गेल्यावर माझा पॉइंट जनरेटरवर येतो का? बहुतेक ठिकाणी नुसते दिवे आणि स्टेज जनरेटरवर असतात, हे मला एका वर्षाच्या अनुभवानं कळलेलं होतं. त्यांच्या इलेक्ट्रिकवाल्यानं खरं ते सांगितलं: "ताई, दिवे येतील. मोटरवाले सगळे एकदम सुरू झाले तर जनरेटर दबतो. दोन मोटरी चालतील, तुमची आणि चक्कीवाल्यांची. पण दोघांनी एकदम बटण दाबायचं नाही." मला याच्याइतकं उपयोगी उत्तर कुणी दिलं नव्हतं. चक्कीवाल्या काकांचा नंबर त्यांच्याकडून घेतला आणि आमचं दोघांचं ठरलं की आधी चक्की, मग पाच मिनिटांनी घाणा.

आणि लाईट जाईल तेव्हा घाण्यात काय करायचं, हे आमचं काम होतं, आयोजकांचं नव्हे. लाईट गेली की थांबायचं नाही. लगेच अर्धवट पेंड खुरपीनं सैल करून परातीत काढायची, लाट मोकळी करायची, स्विच बंद ठेवायचा. लाईट आल्यावर रिकामा घाणा फिरवायचा, आणि तो वेगात आला की मूठ-मूठ पेंड परत सोडायची. दहा मिनिटं जातात, पण मोटर राहते.

अर्थिंगबद्दलही विचारलं. मैदानावर धूळ बसावी म्हणून रोज सकाळी टँकरनं पाणी मारतात. आमच्या घाण्याची फ्रेम लोखंडी, खाली ओली जमीन, भोवती लहान पोरं. तीन पिनांचा प्लग दिसला म्हणजे तिसऱ्या पिनेला मागे वायर असतेच असं नाही. मी सांगितलं, अर्थिंगची वायर पॅनेलपासून यायला हवी आणि माझ्या पॉइंटला गळती झाल्यावर पडणारा ब्रेकर हवा. तो सोळाचा एमसीबीसुद्धा सी टाइपचा लावा, असं नानांनी लिहून दिलेलं होतं. बी टाइपचा लावला तर मोटरीच्या सुरुवातीच्या झटक्यालाच तो पडू शकतो, आणि मग पुन्हा कुणीतरी थेट वायर जोडून द्यायला येतं.

पैशाचं बोलणं शेवटी झालं, आणि ते शेवटीच व्हायला हवं. आधी मी उलटं करायची: पहिला प्रश्न 'स्टॉल कितीला' आणि मग घासाघीस. पण काय मिळणार ते ठरल्याशिवाय कितीला याला अर्थ नाही. सोळा हजारांचा स्टॉल, कोपऱ्याचे दहा टक्के म्हणजे सोळाशे, पॉवर पॉइंटचे तीन हजार. झाले वीस हजार सहाशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, तीन हजार सातशे आठ. एकूण चोवीस हजार तीनशे आठ रुपये.

आयोजक भाऊ म्हणाले, "ताई, बिल नको असेल तर जीएसटी सोडून देतो."

मी नको म्हटलं. एक तर आमची नोंदणी आहे, बिलावर आमचा जीएसटी नंबर असला तर ते तीन हजार सातशे आम्हाला आमच्या करातून वजा मिळतात. पण त्याहून मोठं कारण दुसरं होतं. बिल नाही म्हणजे स्टॉल नंबर नाही, पॉइंट नाही, चार एमएम नाही. सगळं परत फोनवरचं बोलणं. मी घासाघीस तीन हजारांवरही केली नाही. त्या वायरीचे, एमसीबीचे आणि ती ओढणाऱ्या दोन माणसांच्या मजुरीचे पैसे आहेत ते. तिथे पाचशे कमी करून घेतले तर वायर दीड एमएमची येते. कमी करून घ्यायचेच असतील तर कोपऱ्याच्या दहा टक्क्यांत घ्यावेत. तिसऱ्या रांगेतला कोपरा पहिल्या रांगेच्या दरानं का, हा प्रश्न रास्त आहे. मी तो विचारला. ते हसले आणि सोळाशेचे हजार केले. मग जीएसटीही थोडा उतरला आणि सगळे मिळून तेवीस हजार सहाशे झाले.

अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती: आयोजकांना आराखड्यात बदल करण्याचा अधिकार राहील. ही ओळ सगळीकडे असते, आणि ती काढून घेता येत नाही. अग्निशमनवाले ऐनवेळी रस्ता रुंद करायला लावतात, एखादी रांग सरकते, हे मला मान्य आहे. म्हणून मी ती ओळ राहू दिली आणि पावतीवर खाली हातानं लिहून घेतलं: 'स्टॉल बदलल्यास सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चार एमएम वायर, अर्थिंगसह, नव्या जागी मिळेल, न मिळाल्यास पॉइंटची रक्कम व कोपऱ्याची रक्कम परत.' भाऊंनी सही करताना म्हटलं, "एवढं आजवर कुणी लिहून घेतलं नाही." मी म्हटलं, "भाऊ, माझी मोटर जळाली आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली आणि सहीखाली तारीख टाकली.

निम्मे पैसे तेव्हा दिले, निम्मे ताबा घेताना द्यायचे ठरले. ताबा घेताना म्हणजे पॉइंट चालू दाखवल्यावर, हेही बोलून घेतलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. घाणा साडेतीनशे-चारशे किलोचा, म्हणून गाडी आत कितीपर्यंत सोडतात ते आधीच विचारून ठेवलं होतं. चार वाजेपर्यंत. स्टॉलखालचा लाकडी प्लॅटफॉर्म आम्ही नको सांगितला होता, घाणा जमिनीवरच बसवतो. नाना सोबत आले होते, त्यांनी हट्टच धरला होता. त्यांनी पिशवीतून मीटर काढलं, दोन पिनांमध्ये धरलं. २१८. मग होल्डरला लावलेला शंभरचा बल्ब काढला, एक वायर फेजला, दुसरी अर्थला लावली. बल्ब क्षणभर पेटला आणि ब्रेकर खटकन पडला. नानांचा चेहरा उजळला. "अर्थ बी हाय, आन् गळतीवाला बी जागा हाय."

ब्रेकर उचलला. भावानं रिकाम्या घाण्याचं बटण दाबलं. मी मीटरकडे बघत होते. २१८ वरून आकडा २०४ पर्यंत खाली आला, तिथे क्षणभर थांबला, आणि लाटेनं वेग धरला तसा परत वर चढला. २१५.

समोरच्या ठिबकवाल्यांची पोरं पाइप जोडायचं सोडून बघायला आली. चक्कीवाले काकाही आले. मी पोत्यातून शेर भरून दाणे घेतले आणि पहिली मूठ उखळीत सोडली.